ड्रिफ्ट पुन्हा पुन्हा येतोय? हॉल इफेक्ट स्टिक बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर काय तपासायचं

कंट्रोलर टेबलावर पडलाय, कुणी हात लावलेला नाही, तरी खेळातला कॅमेरा हळूहळू डावीकडे वळतोय. हाच ड्रिफ्ट. स्टिकच्या बुडाशी आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडलं की काही आठवडे बरं चालतं आणि मग पुन्हा तेच. काही जण मूळ पद्धतीचंच नवं मॉड्यूल बसवून घेतात. तेही यथावकाश त्याच वाटेने जातं, कारण झिजणारा भाग नव्यातही तसाच असतो. म्हणून लोक चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट मॉड्यूलकडे वळतात आणि ते बरोबरच आहे. पण हे मॉड्यूल बसवल्यावरही "ड्रिफ्ट गेलाच नाही" म्हणणारे बरेच भेटतात. त्यामागे बहुतेक वेळा दोनच कारणं निघतात: मुळात बिघाड सेन्सरचा नव्हता, किंवा मॉड्यूल नीट बसलं पण त्यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकचा मध्य आणि टोकं कंट्रोलरला नव्याने शिकवणं, झालं नाही.

इथे मी मुख्यतः प्लेस्टेशन ५ च्या डुअलसेन्स कंट्रोलरबद्दल लिहितोय. त्यात स्टिक थेट बोर्डावर सोल्डर केलेली असते, आणि कॅलिब्रेशनसाठी कन्सोलच्या सेटिंगमध्ये सोय नाही. दोन्ही अडचणी एकाच जागी येत असल्यामुळे हे प्रकरण जमलं की बाकीचे कंट्रोलर सोपे वाटतात.

आधी बिघाड कुठे आहे ते ठरवा

मूळ मॉड्यूलमध्ये दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. प्रत्येकात कार्बनची एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची छोटी जीभ, म्हणजे वायपर, घासत फिरते. पट्टीच्या दोन टोकांना व्होल्टेज दिलेलं असतं आणि वायपर जिथे टेकलाय तिथलं व्होल्टेज कंट्रोलर वाचतो. खेळताना स्टिक सर्वांत जास्त वेळ मधोमध आणि मधल्या जागेच्या आसपास असते, त्यामुळे पट्टीही नेमकी तिथेच घासली जाते. निघालेली कार्बनची भुकटी वायपरखाली येते, संपर्क तुटक होतो आणि आकडा नाचायला लागतो. अल्कोहोलने भुकटी धुतली जाते म्हणून तात्पुरता आराम पडतो. पट्टीचा झिजलेला भाग काही भरून येत नाही, उलट तिच्यावरचं वंगणही अल्कोहोलबरोबर निघून जातं. "साफ केलं की बरं होतं आणि पुन्हा येतं" या चक्राचं कारण हे आहे.

पण स्टिक सरकण्याची एवढी एकच वाट नाही. कंट्रोलर केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि ब्राउझरमधल्या कुठल्याही गेमपॅड तपासणीच्या पानावर स्टिकचे आकडे उघडा. डुअलसेन्स प्रत्येक अक्षासाठी ० ते २५५ असा आकडा पाठवतो, मध्य म्हणजे साधारण १२७ किंवा १२८. बरीच पानं हाच आकडा उणे १ ते अधिक १ असा करून दाखवतात. आता स्टिकला हात न लावता मिनिटभर नुसतं बघत बसा.

आकडा एका जागी टिकत नसेल, मध्येच पाच-दहा घरं उडी मारून परत येत असेल, तर तो पोटेन्शिओमीटरच्या झिजेचा आजार. इथे हॉल सेन्सर हेच खरं औषध.

आकडा अगदी स्थिर आहे, पण मध्यापासून बाजूला आहे, उदाहरणार्थ १३६ वर ठाम बसलाय, तर सेन्सर धडधाकट असण्याची शक्यता मोठी आहे. इथे कॅलिब्रेशन हललेलं असतं. आधी कॅलिब्रेशन करून पाहा, सोल्डरिंगला हात घालण्याची गरजच पडणार नाही कदाचित.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. स्टिक पूर्ण डावीकडे नेऊन सोडा आणि आकडा लिहा. मग उजवीकडे नेऊन सोडा आणि पुन्हा लिहा. डावीकडून परतल्यावर ११८ आणि उजवीकडून परतल्यावर १३७, आणि दोन्ही वेळा आकडा स्थिर, असं दिसलं तर स्टिकच मधोमध परत येत नाहीये. आतली स्प्रिंग सैल झालीय किंवा तिच्याखालचा प्लास्टिकचा भाग झिजलाय. यात फक्त सेन्सर बदलून काही साधत नाही. पूर्ण मॉड्यूल बदललं तर स्प्रिंगही नवी येते, म्हणून फरक पडतो, पण तो हॉलचा गुण नव्हे. आणि काही काळाने हॉल मॉड्यूलची स्प्रिंगही सैल होऊ शकते. हॉलमुळे फक्त घासणारा विद्युत संपर्क नाहीसा होतो. स्प्रिंग, काडीचा सांधा आणि दाबल्यावर चालणारं एल३ किंवा आर३ चं बटण, हे सगळं यांत्रिकच राहतं.

हॉल सेन्सर आत काय करतो

पट्टी आणि वायपरच्या जागी इथे काडीच्या अक्षावर छोटं चुंबक असतं आणि समोर एक चिप. चुंबक फिरलं की चिपमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि त्या प्रमाणात चिपचं व्होल्टेज बदलतं. दोघांमध्ये हवेची फट असल्यामुळे घासायला काही नाही. हल्ली टीएमआर नावाचे सेन्सर असलेली मॉड्यूलही मिळतात. तीही चुंबकावरच चालतात आणि सहसा हॉलपेक्षा कमी वीज घेतात. बसवण्याची पद्धत, सोल्डरिंग आणि कॅलिब्रेशन यांत काही फरक नाही, त्यामुळे पुढचं सगळं दोन्हींना लागू आहे.

चुंबकामुळे एक नवी काळजी मात्र येते. मागे चुंबकाची कडी असलेला फोन किंवा चुंबकी झाकणाचं कव्हर कंट्रोलरला खेटून ठेवलं तर आकडा हलू शकतो. तपासणी करताना अशा वस्तू टेबलावरून दूर ठेवा, नाहीतर नसलेला दोष शोधत बसाल.

सुसंगतता: भोकं जुळली म्हणजे मॉड्यूल जुळलं असं नाही

प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या दोन्हींच्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये स्टिकच्या पायांची मांडणी दिसायला सारखीच असते. त्यामुळे एकाचं मॉड्यूल दुसऱ्याच्या भोकांत आरामात बसतं, आणि इथेच लोक अडकतात.

पोटेन्शिओमीटर ही निव्वळ रोधाची पट्टी आहे. तिच्या दोन टोकांपैकी कुठे धन आणि कुठे ऋण, याचं तिला काही नाही. उलटं जोडलं तर फार तर डावं उजवं होईल. म्हणून बोर्ड आखणाऱ्यांनी आपापल्या सोयीने टोकं जोडलेली असतात. एकाच बोर्डावर डाव्या आणि उजव्या स्टिकची टोकंसुद्धा एकमेकांच्या उलट असू शकतात. हॉल चिपला मात्र धन, ऋण आणि आउटपुट अशा ठरलेल्या तीन जागा असतात. उलटी वीज मिळाली तर ती चालणार नाही, आणि कायमची जाऊही शकते.

दुसरा मुद्दा व्होल्टेजचा. काही कंट्रोलर स्टिकला ३.३ व्होल्ट देतात, तर काही फक्त १.८. पोटेन्शिओमीटर कितीवरही चालतो, पण ३ व्होल्टसाठी केलेली चिप १.८ वर एक तर गप्प बसेल किंवा अर्धवट आकडे देईल. म्हणून वर्णनात तुमच्या कंट्रोलरचं नाव स्पष्ट लिहिलेलं मॉड्यूलच घ्या. "सगळ्यांना चालतं" असं लिहिलेल्या मॉड्यूलवर मी विश्वास ठेवत नाही. डुअलसेन्सच्या बोर्डाच्या आवृत्त्याही वेगवेगळ्या आहेत आणि बोर्डावर बीडीएम या अक्षरांपुढे आवृत्तीचा क्रमांक छापलेला असतो. मॉड्यूल मागवण्याआधी कंट्रोलर उघडून तो वाचून घेतलेला बरा.

खात्री करायची असेल तर मल्टिमीटर पुरतो. बॅटरी काढा, मीटर कंटिन्यूटीवर ठेवा, एक टोक यूएसबी सॉकेटच्या धातूच्या कवचाला लावा आणि दुसऱ्याने पोटेन्शिओमीटरच्या तीन पायांपैकी कडेचे दोन तपासा. ज्या पायावर मीटर वाजेल तो ऋण, कडेचा दुसरा धन, मधला आउटपुट. चारही पोटेन्शिओमीटरसाठी हे कागदावर उतरवा आणि नव्या मॉड्यूलच्या चिपच्या पट्टीवर छापलेल्या खुणांशी ताडून पाहा.

सगळ्याच कंट्रोलरमध्ये सोल्डरिंग लागत नाही. निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉनमधली स्टिक चपट्या पट्टीच्या केबलने जोडलेली असते. Y आकाराच्या खाचेचे स्क्रू काढायला योग्य पेचकस हवा, एवढंच. बदलल्यानंतर कन्सोलच्या सेटिंगमध्ये स्टिकचं कॅलिब्रेशन करता येतं. स्टीम डेकमध्येही स्टिक वेगळ्या छोट्या बोर्डावर असते आणि स्क्रू व पट्टीच्या जोडणीवर निघते, पण तिथल्या एलसीडी मॉडेलमध्ये दोन प्रकारचे बोर्ड आलेले आहेत. त्यांच्यावर MHDA किंवा MEDA असं छापलेलं असतं आणि एकाची हॉल स्टिक दुसऱ्याला चालत नाही. बदलल्यावर डेस्कटॉप मोडमध्ये Konsole हे आदेश टाइप करायचं अ‍ॅप उघडून हा आदेश द्यायचा आणि पडद्यावर येतील त्या सूचना पाळायच्या:

```
thumbstick_cal
```

डुअलसेन्स एज या महागड्या मॉडेलची स्टिक ओढून बदलता येते, पण कंपनीच्या त्या बदली मॉड्यूलमध्येही पोटेन्शिओमीटरच आहे.

वॉरंटी: उघडण्याआधीचा निर्णय

हा भाग सोल्डरिंगच्या आधी वाचा, कारण इथून परतीचा रस्ता नाही. स्टिक काढताना जुनं मॉड्यूल बहुधा कापावं लागतं, त्यामुळे "वॉरंटीला पाठवताना मूळ स्टिक परत लावू" हा बेत चालत नाही. बोर्डावर फ्लक्सचे, म्हणजे सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात त्या रसायनाचे डाग, वेगळ्या चमकेचं सोल्डर आणि दुसऱ्या बनावटीचं मॉड्यूल दिसलं की तपासणाऱ्याला सांगावं लागत नाही.

कंट्रोलरवरची मर्यादित वॉरंटी साधारण वर्षभराची असते आणि ड्रिफ्ट हा तिच्यात बसणारा दोष आहे. मुदत चालू असेल तर कंट्रोलर न उघडता कंपनीकडे पाठवा. झिजलेला पोटेन्शिओमीटर जाऊन दुसरा पोटेन्शिओमीटरच येईल हे खरं, पण मधल्या काळात तुमचं काही जात नाही. मुदत संपल्यावर हॉल बसवायला तुम्ही मोकळे आहातच. युरोपियन युनियनमध्ये विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, म्हणून तिथल्या वाचकांनी कंपनीचं एक वर्ष संपलं म्हणून लगेच पेचकस उचलू नये.

अमेरिकेतल्या नियमाबद्दल बराच गैरसमज आहे. तिथल्या १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार, फक्त बाहेरचा सुटा भाग वापरला किंवा बाहेर दुरुस्ती करून घेतली म्हणून कंपनीला सबंध वॉरंटी नाकारता येत नाही. स्टिकर फाटला की वॉरंटी संपली अशा अटींवरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली, त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो होत्या. पण हे संरक्षण अमर्याद नाही. सोल्डर करताना बोर्डावरचा तांब्याचा पॅड उखडला आणि त्यामुळे स्टिक बंद पडली, तर ते नुकसान तुमच्या कामामुळे झालं असं कंपनी दाखवू शकते, आणि मग दावा टिकणार नाही. ट्रिगर किंवा चार्जिंगसारख्या वेगळ्या भागाचा दोष असेल तर कागदावर तुमची बाजू भक्कम असते. पण सोल्डर केलेला बोर्ड समोर ठेवून ती लढवणं कटकटीचं आहे, आणि मी कुणाला त्या भरवशावर कंट्रोलर उघडा असं म्हणणार नाही.

सोल्डरिंग किती अवघड आहे

एका स्टिकला १४ पाय असतात: दोन पोटेन्शिओमीटरचे तीन-तीन, खालच्या बटणाचे चार आणि धातूच्या सांगाड्याचे चार. नवीन मॉड्यूल लावणं अवघड नाही. भोकं आरपार आहेत आणि पायांमध्ये अंतर चांगलं आहे. खरी परीक्षा आहे जुनं काढण्याची. सांगाड्याचे चार पाय बोर्डाच्या ग्राउंडच्या, म्हणजे ऋणाच्या, रुंद तांब्याला जोडलेले असतात. ते तांबं उष्णता शोषून घेतं, सोल्डर वितळत नाही, माणूस वैतागून ओढतो आणि भोकाचं कडं बोर्डावरून सुटून येतं. आजवर बिघडवलेले जे बोर्ड मी पाहिलेत, त्यांत बहुतेकांची हीच कथा आहे. ज्याने याआधी कधीच सोल्डरिंग केलेलं नाही त्याने डुअलसेन्सवर हात बसवू नये. टाकाऊ बोर्डावरचे आरपार पायांचे सुटे भाग न उखडता काढता यायला लागले, की मग इकडे या.

माझ्या मावसभावाच्या डुअलसेन्सचं उदाहरण घेतो. डावी स्टिक न हलवता आडवा आकडा १२१ ते १४० मध्ये नाचत होता, उभा १२७ वर शांत होता. दोनदा साफ करून झाली होती आणि दोन्ही वेळा दुखणं परतलं होतं. वॉरंटी संपलेली होती. डाव्या-उजव्या बाजूने सोडून पाहिलं तर स्प्रिंग ठीक वाटत होती. म्हणजे आडव्या पोटेन्शिओमीटरची पट्टी गेलेली, हॉल बसवायला रास्त कारण.

उघडताना बॅटरीची जोडणी सर्वांत आधी काढली. टचपॅडच्या आणि ट्रिगरच्या चपट्या केबल खटक्यावरून अलगद सोडवल्या. कंपनाच्या मोटरच्या तारा बोर्डाला सोल्डर केलेल्या असतात. त्या न तोडता मोटर खोबणीतून सोडवून बोर्डाबरोबरच बाहेर घेता येतात.

मॉड्यूल अखंड काढायचा मोह धरू नका. १४ पाय एकाच वेळी वितळवायचे तर हॉट एअर आणि खालून बोर्ड तापवायची सोय लागते, आणि हवेच्या झोतात शेजारचे प्लास्टिकचे सॉकेट वाकडे होतात. त्यापेक्षा तुकड्या-तुकड्याने काढा. दोन्ही पोटेन्शिओमीटरचं प्लास्टिकचं कवच बाजूने उचकटून वेगळं करा आणि त्यांचे तीन-तीन पाय बारीक कटरने कापा. मग बटण आणि सांगाडाही शक्य तितका कापून सुटा करा. आता प्रत्येक पाय एकटा उरतो आणि एकेक करून काढता येतो.

कारखान्यातलं सोल्डर शिसेविरहित असतं, ते साधारण २१७ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं. प्रत्येक जोडावर आधी फ्लक्स लावा आणि त्यात थोडं शिसेयुक्त सोल्डर मिसळा. ते स्वतः १८३ अंशांना वितळतं, म्हणून मिश्रणही लवकर आणि मोकळं वितळतं. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवा आणि टोक सुईसारखं न घेता छिन्नीसारखं रुंद घ्या. बारीक टोक कितीही तापवलं तरी ग्राउंडच्या पायात उष्णता पोहोचत नाही. पाय चिमट्याने धरा, सोल्डर चकाकून पूर्ण पातळ झालं की पाय स्वतःच्या वजनाने सुटल्यासारखा येतो. ओढावा लागतोय असं वाटलं तर थांबा, अजून सोल्डर मिसळा, परत तापवा. ओढणं या कामात नाहीच. भावाच्या बोर्डावर सांगाड्याचा एक पाय असाच अडून बसला होता. त्यावर रुंद टोक जास्त वेळ टेकवून, दुसऱ्या बाजूने सोल्डर वितळलेलं डोळ्यांनी बघितल्यावरच तो काढला.

भोकं तांब्याच्या विणलेल्या पट्टीने मोकळी करा आणि अल्कोहोलने पुसा. मग भिंग घेऊन प्रत्येक भोकाभोवतीचं कडं जागेवर आहे का ते बघा. एखादं सुटलेलं दिसलं तर घाबरू नका. त्या भोकाकडे येणारा ट्रॅक शोधा, वरचा हिरवा थर खरवडून तांबं उघडं करा आणि लाखेच्या बारीक तारेने पायापासून तिथपर्यंत जोड द्या. ही दुरुस्ती चालते, फक्त कंटिन्यूटी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नवं मॉड्यूल भोकांत घातल्यावर सगळे पाय एकदम सोल्डर करू नका. आधी सांगाड्याचा एकच पाय पकडवा, बोर्ड आडवा डोळ्यांसमोर धरून मॉड्यूल सपाट टेकलंय का बघा, तिरपं असेल तर तोच पाय वितळवून दाबून बसवा. मग समोरच्या कोपऱ्यातला पाय, मग बाकीचे. मॉड्यूल किंचित जरी तिरपं राहिलं तरी स्टिकची टोपी कवचाच्या कड्याला घासते आणि मधोमध परत येत नाही.

आत चुंबक आहे हे विसरू नका. साध्या प्रतीची निओडायमियम चुंबकं ८० अंशांच्या पुढे आपली ताकद गमवायला लागतात. म्हणून नव्या मॉड्यूलवर हॉट एअर अजिबात नको. आयर्नने प्रत्येक पायावर दोन-तीन सेकंद पुरतात, आणि ग्राउंडच्या जाड पायांच्या मध्ये थोडा दम घेत काम करा.

बसवल्यानंतरचा "ड्रिफ्ट"

कवच बंद करण्याआधीच बॅटरी आणि यूएसबी जोडून आकडे बघा. भावाच्या कंट्रोलरवर आडवा आकडा ११९ आणि उभा १३३ आला. दोन्ही खिळल्यासारखे स्थिर. म्हणजे मध्यापासून आडवा सुमारे ७ टक्के आणि उभा ४ टक्के सरकलेला. "नवीन टाकलंय ना दादा, मग हे असं का?" असं तो म्हणाला, आणि नेमक्या याच क्षणी बरेच जण मॉड्यूल खराब आहे म्हणून परत पाठवतात.

मॉड्यूल खराब नव्हतं. कंट्रोलरच्या स्मरणात जुन्या पोटेन्शिओमीटरचा मध्य लिहिलेला असतो. नव्या चुंबकाचं आणि चिपचं मधलं व्होल्टेज त्याच्याशी तंतोतंत जुळेल, ही अपेक्षाच धरता येत नाही. डुअलसेन्स आपल्याकडून मध्याभोवती फारशी सूट देत नाही. ज्या खेळात डेडझोन, म्हणजे मध्याभोवतीची खेळ दुर्लक्ष करतो ती जागा, कमी असतो तिथे ७ टक्के फरकावर पात्र चालायला लागतं.

यावर इलाज म्हणजे DualShock Calibration GUI हे ब्राउझरमध्ये चालणारं, समुदायाने बनवलेलं साधन. ते क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये, कंट्रोलर केबलने जोडून चालतं. मध्याच्या कॅलिब्रेशनमध्ये ते दोन्ही स्टिक एकेका कोपऱ्यात नेऊन सोडायला सांगतं. स्टिक सोडून द्या, बोटाने हळूच मध्यावर आणून ठेवू नका, कारण खेळताना ती स्प्रिंगनेच परतणार आहे. त्यानंतर टोकांचं कॅलिब्रेशन असतं, त्यात स्टिक कडेला टेकवून सावकाश गोल फिरवायची. बदल आधी तात्पुरता ठेवून तपासा आणि समाधान झालं तरच कायमचा लिहा. नकली कंट्रोलरवर हे साधन चालेल अशी आशा धरू नका.

भावाच्या कंट्रोलरवर मध्याचं कॅलिब्रेशन केल्यावर दोन्ही आकडे १२७-१२८ वर आले. डावीकडून सोडल्यावर १२६, उजवीकडून सोडल्यावर १२९. दोन-तीन घरांचा हा फरक स्प्रिंगचा आहे आणि तो राहणारच, खेळातला लहानसा डेडझोन तो सहज गिळतो. टोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसली: स्टिक कडेला टेकायच्या आधीच आकडा २५५ ला पोहोचत होता. शर्यतीच्या किंवा नेमबाजीच्या खेळात यामुळे शेवटच्या टप्प्यातलं बारीक नियंत्रण जातं. टोकांचं कॅलिब्रेशन केल्यावर तेही बरंच सुधारलं. काही मॉड्यूलवर मध्य सरकवायला छोटा फिरवायचा स्क्रू असतो. मध्य फारच लांब असेल तर आधी त्याने जवळ आणा, मग कॅलिब्रेशन करा.

कॅलिब्रेशनने न सुटणारी लक्षणं वेगळी असतात. एखादा अक्ष ० किंवा २५५ वर अडकून बसला असेल तर त्या बाजूच्या तीन पायांपैकी एखादा नीट जुळलेला नाही, किंवा धन-ऋण उलटं आहे. लगेच बॅटरी काढा आणि मीटरने तिन्ही पाय तपासा. स्टिक डावीकडे नेली आणि आकडा उजवीकडे गेला तर दुसऱ्या कंट्रोलरचं मॉड्यूल आलंय, ते सोल्डरिंगने सुधारणार नाही. दोन्ही अक्ष एकत्र थरथरत असतील तर ऋणाच्या एखाद्या जोडातलं सोल्डर नीट न वितळता थंड राहिलंय, बहुधा सांगाड्याच्या पायाजवळचा. जोड मंद, दाणेदार दिसत असेल तर फ्लक्स लावून पुन्हा तापवा. सगळं ठीक आहे पण एल३ लागत नाही, तर बटणाच्या चार पायांकडे बघा. आणि आकडे टेबलावर छान, पण हातात घेतल्यावर उडतात असं झालं, तर कवच बंद करताना एखादी चपटी केबल मॉड्यूलखाली दबली आहे का ते पाहा.

यानंतर कवच लावा, स्टिक गोल फिरवून टोपी कुठे घासत नाही ना ते तपासा, आणि डाव्या-उजव्या बाजूने सोडून आलेले आकडे लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तीच चाचणी परत करा. फरक वाढलेला दिसला तर स्प्रिंग सैल होतेय असं समजा. आकडा नाचत असेल तर एखादा जोड सुटतोय.